वॉरंटवरचा एक शब्द आणि बराकीतली जागा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

मागच्या रविवारी नागेश्वराच्या देवळापाशी आम्ही चार-पाच जण बसलो होतो. झुलत्या पुलावर पुण्याहून आलेल्या पोरांचे फोटो चालू होते. विषय निघाला तो जेलमध्ये तृतीयपंथी बंद्यांसाठी वेगळी सोय असावी का, याचा. एकाने मोबाइलवर कुठलीतरी बातमी वाचून दाखवली आणि सगळे हसले. "जेलमध्ये गेल्यावर काय वेगळी खोली? मग एसी पण द्या." मीही त्यांच्यातलाच, हसलो थोडा. घरी आलो आणि हसलो याचीच लाज वाटली, कारण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती मी त्या पारावर बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखता. गाव आंबवडे, वकिली करतो, फौजदारी कामं जास्त. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठलं कोर्ट आणि कुठलं जेल ते लिहीत नाही, कारण ते माझ्या चुकीशी संबंधित नाही आणि त्या व्यक्तीची ओळखही उघडी पडायला नको.

चोरीचा आरोप होता. आरोपी तृतीयपंथी, साडीत, लांब केस, पंचविशीची. तिच्या गुरूने माझी फी भरली होती. पोलिसांनी हजर केलं, पोलीस कोठडी संपली होती, न्यायालयीन कोठडी मिळाली. आधार कार्डावर जुनं नाव आणि लिंगाच्या जागी 'पुरुष'. पोलिसांच्या कागदात तेच, म्हणून कोर्टाच्या वॉरंटवरही तेच. मी जामिनाच्या अर्जात गुंतलो होतो. लिपिकाने वॉरंट तयार केलं, साहेबांची सही झाली, मी ते पाहिलंसुद्धा. त्या एका शब्दावर बोट ठेवून "साहेब, एक मिनिट" म्हणायला मला दहा सेकंद लागले असते. मी म्हटलं नाही, कारण मला ते सुचलंच नाही.

जामीन व्हायला अकरा दिवस लागले.

आता तो शब्द एवढा महत्त्वाचा का, हे समजायला जेलचं गेट कसं चालतं ते माहीत पाहिजे. सिनेमात दाखवतात तसं कोणी साहेब खुर्चीत बसून माणूस पारखत नाही. संध्याकाळी पोलिसांची गाडी येते, पाच-सात बंदी एकदम उतरतात, आणि आतल्या बंदीची वेळ झालेली असते. वॉरंट तपासलं जातं, रजिस्टरला नोंद होते, अंगझडती होते, डॉक्टर किंवा कंपाउंडर बघतो आणि रात्रीपुरती एक बराक मिळते. वॉरंटवर 'पुरुष' असेल तर पुरुषांचं जेल, 'स्त्री' असेल तर महिला कारागृह. आपल्याकडचे कच्चे कैदी जातात त्या येरवड्याला दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. पण भिंत ओलांडायची तर कागद बदलावा लागतो, आणि गेटवरचा हवालदार कागद बदलू शकत नाही. त्याच्यासाठी वॉरंट हाच शेवटचा शब्द. त्यात त्याची चूकही काढता येत नाही.

हे असं का, तर कायदा जुना आहे. आपल्या जेलचा पाया म्हणजे १८९४ चा कारागृह कायदा. त्याच्या कलम २७ मध्ये कोणाला कोणापासून वेगळं ठेवायचं ते लिहिलंय: बायका पुरुषांपासून, कोवळी पोरं मोठ्यांपासून, खटला चालू असलेले शिक्षा झालेल्यांपासून, दिवाणी कैदी फौजदारी कैद्यांपासून. कलम २४ सांगतं की आत येताना प्रत्येकाची झडती घ्यायची, आणि बाई असेल तर ती मेट्रनने घ्यायची. इंग्रजांच्या त्या कागदात माणसं दोनच प्रकारची. तिसऱ्यासाठी ना जागा आहे, ना झडती घेणारा हात.

माझ्या अशिलाचं काय झालं ते तिने नंतर ऑफिसात बसून सांगितलं. शांतपणे सांगितलं, रडली वगैरे नाही. गेटच्या आत रांगेत उभं करून सगळ्यांसोबत कपडे उतरवून झडती. रांगेतल्या पोरांचं हसणं, शिपायाचं हसणं. मग बराक. नव्याला नेहमी संडासाकडची जागा मिळते, तशी तिलाही मिळाली. पहिल्या रात्री कोणी काही केलं नाही, फक्त बोलले. दुसऱ्या रात्री नुसतं बोलण्यावर राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने तक्रार केली. तेव्हा तिथल्या माणसाने, तिच्याच शब्दांत सांगतो, "चांगल्या मनाने" विचारलं, सेपरेट पाहिजे का? तिने हो म्हटलं आणि तिला एकटीला सेलमध्ये ठेवलं.

पुढचं तिचं वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. "वकीलसाहेब, चार दिवसांनी मीच अर्ज दिला, मला परत बराकीत टाका म्हणून."

मी विचारलं, का गं? तर म्हणाली, दिवसातून थोडा वेळ बाहेर, तेही सगळे आत गेल्यावर. बोलायला कोणी नाही. कॅन्टीनचं सामान कोणी आणून देईल तर देईल. विधी सेवेचे वकील बराकीत येऊन गेले, ते तिला कळलंच नाही. शिक्षा झालेल्या माणसाला नियम मोडला म्हणून जे करतात, तेच तिला तक्रार केली म्हणून झालं.

मला वाटतं या विषयाचं मूळ इथेच आहे आणि पारावर हसणाऱ्या आपल्याला ते माहीतच नसतं. आपण समजतो की प्रश्न 'वेगळी खोली द्यायची की नाही' एवढाच आहे. खरं तर वेगळं ठेवणं आणि एकटं ठेवणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जेलमध्ये पहिलीच्या नावाखाली दुसरी दिली जाते.

गंमत बघा, १८९४ च्या त्या जुन्या कायद्यालासुद्धा एकटं ठेवण्याची भीती माहीत होती. कलम २९ म्हणतं की आतून कर्मचाऱ्याशी कधीही संपर्क करता येईल अशी सोय नसलेला सेल एकांतासाठी वापरायचाच नाही. आणि चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ सेलमध्ये असलेल्या प्रत्येक बंद्याला वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या सहायकाने दिवसातून एकदा तरी भेटलं पाहिजे. शिक्षा म्हणून ठेवलेलं असो की आणखी कशासाठी, दोन्हीला हे लागू. म्हणजे 'तुझ्या सुरक्षेसाठी ठेवलंय' म्हटलं तरी डॉक्टरची रोजची फेरी चुकत नाही. मला हे कलम माहीत होतं. परीक्षेला पाठ केलं होतं. अशील आत असताना ते आठवलं नाही.

आता नियम काय आहेत ते सांगतो, कारण नियम नाहीत असं नाही.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नाल्साच्या खटल्यात तृतीयपंथींना वेगळी ओळख मान्य केली आणि आपण कोण हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. आणि बरोबर दोन वर्षांनी, १० जानेवारी २०२२ ला, केंद्रीय गृहमंत्रालयाने सगळ्या राज्यांना जेलबद्दल सविस्तर पत्र पाठवलं. त्या पत्रात माझ्या अशिलाच्या बाबतीत चुकलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आहे. प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये तृतीयपंथी हा रकाना करा. झडती त्या व्यक्तीला जे लिंग मान्य आहे त्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय माणसाने घ्यावी, आणि कपडे काढावे लागले तर आडोशाला. राहण्याची जागा वेगळी, तीसुद्धा पारलिंगी पुरुष आणि पारलिंगी स्त्रिया यांची वेगवेगळी. संडास-न्हाणीला आडोसा. ओळखपत्र नसेल तर ते काढायला जेलने मदत करावी. आणि मुख्य म्हणजे, वेगळं ठेवताना त्यांना एकटं पाडू नका, आणखी बट्टा लावू नका, हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

पण ते पत्र आहे, कायदा नव्हे. कारागृह हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय. दिल्लीने लिहायचं, मुंबईने आपल्या नियमात घालायचं, आणि येरवड्याच्या गेटवर ते उतरायचं, असा प्रवास आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना नमुना म्हणून नवा कारागृह कायदाही पाठवला, त्यातही महिला आणि तृतीयपंथींसाठी वेगळी राहण्याची सोय आहे. नमुना म्हणजे नमुना. गेटवरच्या हवालदाराच्या हातात शेवटी वॉरंटच असतं.

इथे कोणी म्हणेल, वकीलसाहेब, एका अशिलावरून सगळ्या जेलना नावं ठेवता. तर आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये नागपुरात एका तृतीयपंथी व्यक्तीचा खून झाला आणि आरोपी म्हणून त्याच समाजातले काही जण पकडले गेले. ते पुरुषांच्या मध्यवर्ती कारागृहात गेले. तिथे लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी त्यांच्यातून आल्या, पत्रकार सुकन्या शांता यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आणि विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. खुनाचा आरोप गंभीरच आहे, त्याची सुनावणी व्हावी आणि दोषी असेल त्याला शिक्षाही व्हावी. पण बराकीत जे घडल्याचं ते सांगतात, तशी शिक्षा कुठल्याच न्यायाधीशाने कुठल्याच निकालात लिहिलेली नसते.

आणि हे विसरू नका की भारतातल्या जेलमधल्या दर चार माणसांत साधारण तीन कच्चे कैदी असतात. म्हणजे गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. माझी अशील त्यातलीच. तिचा खटला पुढे सुटला, हे सांगून टाकतो. नसता सुटला तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

बरं, आत काही झालंच तर करणाऱ्याला शिक्षा काय? हे वाचून मी स्वतः दोनदा कायदा उघडून पाहिला होता. एखाद्या स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीवरच्या शारीरिक आणि लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं. पूर्वी निदान भारतीय दंड संहितेचं ३७७ लावता यायचं, पुरुषाने पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती केली तर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही. बलात्काराचं कलम पीडित स्त्री असेल तरच. मग तृतीयपंथी व्यक्तीला 'स्त्री' धरायचं का, यावर वाद घालत बसा. मारहाणीची कलमं आहेतच, पण मारहाण आणि हे एक नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे जी माणसं आत सर्वात जास्त उघड्यावर आहेत, त्यांच्यावरच्या गुन्ह्याची शिक्षा सर्वात कमी. शिक्षेचा धाक नसेल तर मग उरतं काय? रात्री झोपायची जागा कुठली, एवढंच.

आता अवघड भागाकडे येतो. कारण 'वेगळी बराक द्या' हे म्हणायला सोपं आहे आणि मी स्वतः बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जेलची आकडेवारी काढतो. त्यात तृतीयपंथी हा रकानाच नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा कुठे २०२० च्या अहवालापासून तो आला. ३१ डिसेंबर २०२० ला देशात एकूण ४,८८,५११ बंदी, त्यातले तृतीयपंथी ७०. आता यातले किती 'पुरुष' म्हणून नोंदले गेले असतील ते माझ्या अशिलाच्या वॉरंटवरून तुम्ही ओळखा. पण समजा खरा आकडा याच्या कित्येक पट असला, तरी देशात हजाराच्या वर तुरुंग आहेत. एका जेलमध्ये एक, फार तर दोन-तीन. मग 'वेगळी बराक' म्हणजे काय होणार? एका माणसासाठी बराक म्हणजे एकांतवास. नियम पाळला आणि माणूस एकटा पडला. माझ्या अशिलाचं तेच झालं, फक्त नियमाऐवजी दयेपोटी झालं.

अधीक्षकाच्या खुर्चीत बसूनही विचार करा. येरवड्याची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि आत माणसं त्याच्या दुपटीहून जास्त. जिथे माणसं कुशीवर झोपतात तिथे एका बंद्यासाठी अख्खी खोली मोकळी ठेवा म्हटलं तर तो माणूस काय म्हणेल? सेल देईल. त्याच्याकडे तेवढंच आहे.

यावर एक उपाय सुचवला जातो तो असा की विभागात एक जेल ठरवा, तिथे नीट वेगळा विभाग करा आणि सगळ्यांना तिथे पाठवा. पाच-सात जणी एकत्र राहिल्या तर एकटेपणा जातो, झडतीसाठी दोन माणसं प्रशिक्षित करता येतात, डॉक्टरला हार्मोनच्या गोळ्या म्हणजे काय ते माहीत असतं. मला हे पटतं, पण त्याची किंमतही बघा. कोल्हापूरच्या बंद्याला येरवड्याला आणलं तर त्याची तारीख कोल्हापुरात, वकील कोल्हापुरात. व्हिडिओवर हजेरी होते, पण वकिलाशी दोन शब्द कानात बोलता येत नाहीत. आणि मुलाकात? घरच्यांनी बहुतेकदा आधीच तोडलेलं असतं. येतो तो गुरू किंवा गुरूबहिणी. माझ्या अशिलाची गुरू एसटीने दोन गाड्या बदलून गेली होती, सोबत केळी आणि साबण. खिडकीवर विचारलं, नातं काय? ती म्हणाली, मी तिची गुरू. म्हणाले, ते नातं नाही चालत, आई-बाप-भाऊ-बहीण सांगा. ती बाई खोटं बोलली नाही आणि परत आली. पुढच्या वेळी मी तिला 'मावशी' सांग म्हणालो. वकील असून खोटं शिकवलं, पण भेट झाली.

दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. रात्री बंदीच्या वेळी झोपायची जागा वेगळी आणि कुलूपबंद, दिवसा मात्र काम, वाचनालय, वैद्यकीय, विधी सेवा सगळ्यांसोबत, शिपायाच्या नजरेसमोर. धोका मुख्यतः रात्रीचा आणि न्हाणीतला असतो, दुपारी बागकाम करतानाचा नव्हे. त्यासाठी इमारत बांधायला लागत नाही, ड्युटीचा तक्ता बदलायला लागतो.

आणि सगळ्यात आधी, त्या माणसाला विचारायचं. तुला कुठे सुरक्षित वाटेल? हा प्रश्न माझ्या अशिलाला अकरा दिवसांत फक्त एकाने विचारला, आणि त्याच्याकडे उत्तराला एकच पर्याय होता.

विचारायचं म्हणजे ते सांगतील तसंच करायचं का? नाही. इथे मला काही मित्रांशी मतभेद घ्यावे लागतात. इंग्लंडमध्ये २०१७ साली लैंगिक गुन्ह्यांचा इतिहास असलेल्या एका पारलिंगी बंद्याला न्यू हॉल या महिला तुरुंगात ठेवलं आणि तिथे दोन बायकांवर अत्याचार झाले. त्यावर तिकडे मोठा गदारोळ झाला आणि नियम बदलले. महिला कारागृहातल्या बायकाही जीव मुठीत धरूनच आत आलेल्या असतात, त्यांतल्या कित्येक घरच्या मारहाणीतून आलेल्या. त्यांच्या भीतीला 'मागास' म्हणून उडवून लावणं मला जमत नाही. म्हणून इच्छा विचारायची, आरोप काय आहे बघायचं, आधीचा इतिहास बघायचा, डॉक्टरचं मत घ्यायचं आणि लेखी निर्णय द्यायचा, कारणांसह, म्हणजे वरच्या कोर्टात तो तपासता येतो. पण एका माणसाच्या गुन्ह्यावरून सगळ्यांना पुरुषांच्या बराकीत संडासाशेजारी झोपवायचं, हेही मला जमत नाही. उलट पारलिंगी पुरुषाचा विचार करा. जन्माने मुलगी, आता दाढी आहे, नाव बदललंय, कागद पुरुषाचे. त्याला कागद बघून पुरुषांच्या बराकीत टाकलं तर काय होईल ते लिहायची गरज नाही. एकच 'तृतीयपंथी बराक' करून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून त्या २०२२ च्या पत्रात दोघांच्या जागा वेगळ्या सांगितल्यात.

थोडं विषयांतर करतो, पण तुटक नाही. फादर स्टॅन स्वामी आठवतात? त्यांच्या राजकारणाशी तुमचं पटो न पटो, ते राहू द्या. ऐंशी पार, कंपवात, तळोजा जेलमध्ये. हात थरथरतो म्हणून पेला धरता येत नाही, नळी असलेला पेला द्या, हे मागायला त्यांना २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टात अर्ज करावा लागला होता. मी ती बातमी वाचली तेव्हा मला पुन्हा ते गेट आणि ते रजिस्टर आठवलं. नाव, बापाचं नाव, कलम, उंची, अंगावरच्या खुणा, सगळं लिहून घेतात. 'तुला स्वतःहून काय जमत नाही' हा रकाना नसतो. म्हातारा, अंध, कुबड्यांवरचा, वेडाच्या गोळ्या चालू असलेला, आणि माझी अशील, हे सगळे त्याच एका न विचारलेल्या प्रश्नातून आत जातात. रजिस्टरचे रकाने बदलता येतात हे आपण पाहिलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकानाच काढायला लावला, आणि ती याचिका त्याच सुकन्या शांतांची. एक रकाना काढता येतो तर एक वाढवता येतो.

मग आपल्या भोर-वेल्ह्यात (राजगड म्हणायचं आता, सवय होईल हळूहळू) याचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत भोरमार्गे मांढरदेवीला किती तृतीयपंथी, जोगते जातात ते तुम्ही दरवर्षी बघता. त्यांच्याकडून आशीर्वाद घेतो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो, दहा-वीस रुपये देतो. त्यांच्यातलं कोणी भांडणात, चोरीच्या संशयात पकडलं गेलं तर पहिला कागद आपल्याच कुठल्यातरी पोलीस ठाण्यात तयार होणार आणि पहिलं वॉरंट आपल्याच कुठल्यातरी कोर्टात. चूक होते ती येरवड्याच्या गेटवर नाही, त्याच्या आधी, इथे.

त्या प्रकरणानंतर मी काय बदललं ते सांगतो, आणि माझ्या वकील मित्रांनी ते उचलावं अशी इच्छा आहे. पहिल्या रिमांडलाच आरोपीला बाजूला घेऊन विचारतो, तू स्वतःला काय मानतेस, आत कुठे ठेवलेलं बरं वाटेल, कुठली औषधं चालू आहेत, आधी कधी आत गेली होतीस का आणि काय झालं होतं. मग अर्ध्या पानाचा अर्ज. त्यात मागतो इतकंच की वॉरंटवर लिंगाच्या जागी ती सांगते ते लिहावं, जुनं नाव आणि चालू नाव दोन्ही लिहावीत, झडती आडोशाला आणि तिला मान्य असेल त्या व्यक्तीकडून व्हावी, राहण्याबाबत अधीक्षकांनी तिचं म्हणणं ऐकून लेखी निर्णय घ्यावा, आणि सेलमध्ये ठेवलंच तर कलम २९ प्रमाणे रोजची वैद्यकीय भेट नोंदवावी. दोन्ही नावं लिहायचं कारण व्यवहारी आहे: जामिनाचा आदेश एका नावाने आणि रजिस्टर दुसऱ्या नावाने असलं की सुटका एक दिवस लांबते. माझ्या अनुभवात न्यायाधीश याला नाही म्हणत नाहीत. त्यांना बहुतेकदा कोणी सांगितलेलंच नसतं.

ओळखपत्र नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, अर्ज ऑनलाइन पोर्टलवर. आत बसलेल्या माणसाला पोर्टल कुठून दिसणार? म्हणून हे बाहेर असतानाच करून ठेवलेलं बरं. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर आधार, फोटो घेऊन माझ्याकडे पाठवा. पैसे लागत नाहीत, मीही घेणार नाही.

आणि एक गोष्ट केलीय. २०२० च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली तृतीयपंथी संरक्षण कक्ष असावा असं लिहिलंय, त्यांच्यावरच्या गुन्ह्यांवर लक्ष ठेवायला. पुणे जिल्ह्यात तो आहे का, त्यात कोण आहे, आणि जेलमधून आलेली एखादी तक्रार त्याने कधी पाहिलीय का, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात सोमवारी टाकलेत. दहा रुपयांचं तिकीट लावून. पोचपावती पहिल्या कमेंटमध्ये आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो, जसं येईल तसं.